‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

शोधनिबंध लिहिताना ‘मी’ म्हणावे, ‘आम्ही’ म्हणावे, की स्वतःचा उल्लेखच टाळावा, हा प्रश्न प्रबंधाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला पडतो. बहुतेकांना त्याचे एका वाक्यात उत्तर मिळते: ‘मी’ लिहू नका. हा सल्ला अपुरा आहे असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे मी सांगणारच आहे. पण त्याआधी मला फार आवडणारी आणि पूर्णपणे खरी अशी एक हकिगत ऐका.

१९७५ साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात जॅक हेदरिंग्टन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. अतिशय कमी तापमानाला घनरूप झालेल्या हेलियम-३ मध्ये शेजारचे अणू दोन-दोन, तीन-तीन, चार-चार जण मिळून परस्परांच्या जागा घेतात. त्याचे परिणाम काय होतात, यावर त्यांनी एक निबंध लिहिला. निबंध एकट्याचा होता, पण भौतिकशास्त्रात रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे त्यांनी तो सुरुवातीपासून अखेरपर्यंत ‘आम्ही’ वापरून लिहिला होता. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नामांकित नियतकालिकाकडे तो पाठवण्यापूर्वी त्यांनी एका सहकाऱ्याला वाचायला दिला. सहकाऱ्याने निबंधाची वाखाणणी केली आणि एक सूचना केली: लेखक एकच असेल तर या नियतकालिकाचे संपादक ‘आम्ही’ चालवून घेत नाहीत, निबंध परत येईल.

आता त्या काळाचा विचार करा. निबंध टंकलेखन यंत्रावर टंकलेला होता. एक शब्द शोधून सगळीकडे बदलण्याची सोय नव्हती. ‘आम्ही’चे ‘मी’ करायचे म्हणजे सगळी पाने नव्याने टंकायला हवी होती. हेदरिंग्टन यांना निबंध लवकर पाठवायचा होता. एक संध्याकाळ विचार करून त्यांनी निराळाच मार्ग काढला: मजकुराला हात न लावता केवळ पहिले पान बदलायचे आणि त्यावर दुसऱ्या लेखकाचे नाव घालायचे. हा दुसरा लेखक म्हणजे त्यांच्या घरातला सयामी बोका, चेस्टर. मांजराच्या शास्त्रीय नावातील ‘फेलिस डोमेस्टिकस’ची आद्याक्षरे, त्यानंतर चेस्टरचे आद्याक्षर आणि आडनावाच्या जागी चेस्टरच्या बापाचे नाव, विलर्ड. अशा रीतीने एफ. डी. सी. विलर्ड हे सहलेखक जन्माला आले, आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला.

पुढे विद्यापीठात आलेल्या एका पाहुण्याने हेदरिंग्टन जागेवर नाहीत असे कळल्यावर ‘मग विलर्ड यांना भेटतो’ असे म्हटले, आणि गुपित उघड झाले. निबंधाच्या काही प्रतींवर दोन्ही लेखकांच्या सह्या आहेत; विलर्ड यांची सही म्हणजे पंजाचा ठसा. १९८० साली ‘ला रशेर्श’ या फ्रेंच नियतकालिकात विलर्ड हे एकमेव लेखक असलेला लेखही छापून आला. हेलियमवरचे ते संशोधन मात्र अस्सल होते, आणि अभ्यासकांनी त्याची दखल घेतली.

ही हकिगत मी एवढी सविस्तर सांगितली, कारण त्या सूचनेमागचा प्रश्न रास्त होता: हे ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण? पहिल्या पानावर एक नाव वाढले आणि नियमाची पूर्तता झाली, पण प्रत्येक वाक्यात काम कोणी केले, हे वाचकाला त्यामुळे अधिक कळले नाही. म्हणून प्रत्येक ‘आम्ही’ला, प्रत्येक ‘मी’ला आणि प्रत्येक कर्ता नसलेल्या वाक्यालाही हाच प्रश्न विचारावा, असे माझे सांगणे आहे: कोण?

एक उदाहरण घेऊ. समजा, प्रबंधात असे लिहिले आहे: ‘२० मुलाखती घेण्यात आल्या. त्यांपैकी ३ वगळण्यात आल्या. उत्तरांचे ४ गटांत वर्गीकरण करण्यात आले.’ वाक्ये भारदस्त वाटतात. पण त्या ३ मुलाखती कोणी वगळल्या आणि का? गट एकाने पाडले की दोघांनी? आता हाच मजकूर असा ऐका: ‘मी २० मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ३ मी वगळल्या, कारण त्या वेळी घरातील दुसरी व्यक्ती उत्तरे सुचवत होती. उरलेल्या मुलाखतींतील उत्तरांचे गट मी आणि माझ्या सहकाऱ्याने स्वतंत्रपणे पाडले. जेथे आमचे जुळले नाही तेथे आम्ही चर्चा करून निर्णय घेतला.’ इथे ‘मी’ आल्याबरोबर त्याच्यामागून ‘कारण’ आले, आणि ‘आम्ही’ म्हणजे कोणते दोघे, हेही स्पष्ट झाले. कर्ता लिहिला की निर्णयाचे कारण द्यावेच लागते. कर्ता लपवला की कारणही सहज लपते.

पण तोच ‘मी’ निष्कर्षाच्या वाक्यात शिरला की युक्तिवाद दुबळा होतो. ‘मला असे आढळले की १७ पैकी ११ जणांनी शिक्षण अर्धवट सोडले होते,’ या वाक्यात ‘मला’चे काहीच काम नाही, मोजणी कोणीही केली तरी ११च भरणार. त्याहून घातक म्हणजे ‘मला वाटते’. पुरावा असेल तर तो मांडावा. नसेल तर ‘मला वाटते’ या शब्दांनी त्याची उणीव भरून निघत नाही. मात्र एकाच पुराव्याचे दोन अर्थ संभवतात आणि लेखक त्यांपैकी एक निवडतो, तेव्हा ‘मी पहिला अर्थ स्वीकारतो, कारण…’ असे उघडपणे म्हणणे हाच प्रामाणिकपणा होय. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएच्या रचनेवरील निबंधाची सुरुवातच ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ अशा आशयाच्या वाक्याने केली. सिद्ध झालेली वस्तुस्थिती आणि आपण पुढे केलेला प्रस्ताव यांतील सीमारेषा त्या ‘आम्ही’ने आखली.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या प्रबंधांतील ‘प्रस्तुत संशोधकाने असे केले’ हा प्रयोग मला मुळीच मानवत नाही. लेखक तिथे आहेच, फक्त तो स्वतःविषयी परक्यासारखा बोलतो. मागील अभ्यासांच्या चर्चेत तर हा ‘संशोधक’ म्हणजे आधीचा अभ्यासक की आताचा लेखक, याचाही घोटाळा होतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपद्धतीही सांगते की एकट्या लेखकाने ‘मी’ म्हणावे, अनेकांनी ‘आम्ही’ म्हणावे, आणि स्वतःचा उल्लेख तिऱ्हाइतासारखा करू नये.

मराठीत आणखी एक सोय आहे. गणितातील सिद्धतेत लेखक वाचकाला बरोबर घेऊन एकेक पायरी चढतो, तेव्हा ‘आता आपण दोन्ही बाजूंचा वर्ग करू’ असे एकट्या लेखकानेही खुशाल लिहावे, कारण वाचक ती कृती खरोखरच त्याच्याबरोबर करू शकतो. परंतु ‘आपण सर्व जाणतो की कुटुंबव्यवस्था ढासळत आहे’ या वाक्यातला ‘आपण’ निराळा आहे. तो वाचकाची संमती न विचारता गृहीत धरतो आणि पुराव्याची जागा अडवून बसतो. असा ‘आपण’ दिसला की तेथे एखादा संदर्भ किंवा आकडा द्यायचा राहून गेला आहे, असे समजावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. लेखकाचे नाव झाकून परीक्षण होणार असेल, तर ‘माझ्या आधीच्या निबंधात मी दाखवले आहे’ असे लिहू नये. त्या एका ‘माझ्या’मुळे ओळख फुटते. तेथे स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख इतर कोणाच्याही कामासारखा, नाव आणि वर्ष देऊन करावा, आणि निबंध स्वीकारला गेल्यावर हवा तर ‘मी’ परत आणावा. नमस्कार.