तीस सेकंदांच्या क्लिपचं गाणं करताना: कुठे कापायचं, कशाशी मोजायचं

आत्ता तुम्ही ऐकलेली क्लिप तीस सेकंदांची आहे. मी एआय टूलला दोन ओळींचं वर्णन दिलं आणि हा तुकडा मिळाला. पांढरी सहा मायनर, म्हणजे ए मायनर, चार बारांत फिरणारे चार कॉर्ड, आणि गुणगुणावा असा मुखडा. आता याचं पावणेतीन मिनिटांचं गाणं करायचं आहे. बहुतेक जण इथे ‘एक्स्टेंड’ हे बटण दाबतात, पुढचा तुकडा आला की पुन्हा दाबतात, आणि तिसऱ्या तुकड्याला गाणं हातातून निसटलेलं असतं. लय किंचित चढलेली, पट्टी हललेली, आणि मुखडा परत येतो तो भलत्याच घरी.

असं होतं कारण टूल पट्टी आणि लय कुठे लिहून ठेवत नाही. तुम्ही त्याला जो आवाज दिला, त्याचा शेवटचा भाग ऐकून तसाच पुढे आवाज काढत जाणं एवढंच त्याचं काम. मेटाने 2023 साली खुलं केलेलं म्युझिकजेन घ्या. ते तीस सेकंदांच्या तुकड्यांवर शिकलंय. त्याहून लांब काही करायचं असेल, तर त्याच्या रचनेत मागचे वीस सेकंद ऐकायचे, पुढचे दहा जोडायचे, आणि खिडकी पुढे सरकवायची अशी पद्धत आहे. म्हणजे दुसऱ्या मिनिटाला पोचेपर्यंत मूळ मुखडा त्याच्या कानांवर राहिलेलाच नसतो. इतर टूल्सच्या खिडक्या लहानमोठ्या असतात, पण वर्णनात तुम्ही ‘97 बीपीएम, ए मायनर’, म्हणजे मिनिटाला 97 मात्रा आणि ही पट्टी, असं लिहिलंत तरी ती विनंतीच. प्रत्यक्ष ऐकवलेला आवाज तिच्यावर सहज मात करतो.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. या क्लिपची लय एका ॲपने 96 सांगितली. मी क्लिप ऑडिओ एडिटरमध्ये घेतली, 96 चं मेट्रोनोम लावलं, आणि पाचव्या-सहाव्या बारापर्यंतच किक ड्रम मेट्रोनोमच्या आधी पडायला लागली. मग हाताने मोजलं. पहिली सम 0.31 सेकंदाला आहे, कारण सुरुवातीला जरासा शांतपणा आहे. बाराव्या बाराची सम 27.53 ला. मध्ये अकरा बार, 27.22 सेकंद. एक बार 2.4745 सेकंदांचा, आणि चार मात्रांचा बार धरला तर 240 ला त्याने भागून उत्तर येतं 97. एका बीपीएमने काय बिघडतं असं वाटेल. चौसष्ट मात्रांत, म्हणजे सोळा बारांत, जवळजवळ 0.41 सेकंदाचा फरक पडतो. ही दोन तृतीयांश मात्रा झाली! इतकं घसरलं की जोड कुणाच्याही कानाला खटकतो. ॲप कधी लय निम्मी किंवा दुप्पटही सांगतं, पण तो घोटाळा टाळी वाजवून पाहिली की लगेच कळतो.

पट्टीसाठी मी ॲपवर विसंबत नाही. मायनर पट्टी आणि तिची जोडीदार मेजर यांचे सूर तेच सात असतात, त्यामुळे ॲप पांढरी सहा मायनरला पांढरी एक मेजर म्हणू शकतं. मी क्लिपखाली पांढरी सहाचा एकच लांब सूर धरून ठेवतो आणि ऐकतो की फेरी कुठे येऊन विसावते. तेवढ्यात आणखी एक गोष्ट कळते: क्लिप 440 हर्ट्झच्या ट्यूनिंगला बरोबर आहे की थोडी वर. ही 15 सेंट वर निघाली. सेमीटोनचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. मग मी माझा धरलेला सूरच 15 सेंटने चढवला. पुढचं सगळं या क्लिपशी जुळवायचं आहे, पुस्तकातल्या सुराशी जुळवून उपयोग नाही.

आता कापायचं कुठे? क्लिपच्या टोकाला तर नाहीच. अकराव्या बारापासून ड्रम विरळ होतात आणि बाराव्या समेवर झांज वाजून विरत जाते. तिथून एक्स्टेंड केलंत तर टूलला ऐकू येतं की गाणं संपलं. मग ते एकतर शांतता देतं किंवा नवंच गाणं सुरू करतं, नव्या लयीत. मी कापतो नवव्या बाराच्या समेवर. 0.31 मध्ये आठ बार मिळवले की 20.10 सेकंद. तिथे कॉर्डच्या दोन फेऱ्या पूर्ण झालेल्या आहेत, ड्रम भरात आहेत, आणि पुढची मात्रा घरच्या कॉर्डवर पडणार आहे. काही टूल्समध्ये कापण्याची जागा पूर्ण सेकंदातच निवडता येते. तेव्हा फाइल आधी एडिटरमध्ये 20.10 ला कापायची आणि तीच अपलोड करायची. शेवटचे दहा सेकंद टाकवत नाहीत, हे मला माहीत आहे. टाकू नका, बाजूला ठेवा.

या कापलेल्या तुकड्यावरून मी सोळा बारांचा अंतरा मागतो, चार वेळा. चारही 97 च्या ग्रिडवर, म्हणजे एडिटरमधल्या मात्रांच्या रेघांवर ठेवतो, पण प्रत्येकाची तुलना मूळ क्लिपशी. आधीच्या तुकड्याशी तुलना केलीत तर चूक कानगोष्टींसारखी वाढत जाते, आणि प्रत्येक पायरीला सगळं ठीकच वाटतं. चौघांतला एक पूर्ण सेमीटोन वर गेला, तो टाकला. तेवढा खाली ओढला तर गाणाऱ्याचा आवाजच बदलतो. एक पांढरी एक मेजरवर विसावत होता. ती चूकच म्हणता येणार नाही, अंतरा असा उजळ असू शकतो, पण शेवटच्या दोन बारांत घरी परतण्याची वाट नव्हती, म्हणून तोही गेला. तिसऱ्यात गायिका वेगळीच वाटत होती. चौथा चांगला होता, फक्त सोळा बार 39.59 ऐवजी 39.18 सेकंदांत संपले, म्हणजे लय 98. पट्टी न हलवता तो साधारण एक टक्का ताणला. एवढं ताणणं कानाला कळत नाही. चार टक्क्यांच्या पुढे गेलात की झांजा आणि किक पिचकतात, तेव्हा नवा तुकडा मागवणंच बरं. जोड समेच्या थोडा आधी, किक पडण्यापूर्वी, पंधरा-वीस मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा चढवत.

यानंतर मुखडा परत हवा, आणि इथेच सगळे फसतात. तो टूलकडून मागू नका. मूळ क्लिपचे पहिले आठ बार, 0.31 ते 20.10, अंतऱ्याच्या शेवटी ग्रिडवर चिकटवा. एवढं एक्स्पोर्ट करून परत अपलोड करा आणि दुसरा अंतरा तिथून वाढवा. आता टूलच्या खिडकीत पुन्हा मूळ लय, मूळ पट्टी आणि मूळ गळा आहे. जमा झालेली घसरण तिथे पुसली जाते. शब्द बदलायचे असतील तर मात्र हा मार्ग चालत नाही, तेव्हा मुखड्यालाही चार-चार आवृत्त्यांतून निवडावं लागतं.

प्रश्न आला आहे की शेवट कसा करायचा, कारण टूलचे शेवट अर्धवट येतात. हिशोब बघा: आठ बार मुखडा, सोळा अंतरा, आठ मुखडा, सोळा अंतरा, आठ बारांचा मधला तुकडा. झाले छप्पन्न. आता बाजूला ठेवलेले ते दहा सेकंद आणा, म्हणजे शेवटच्या मुखड्याच्या जागी मूळ क्लिप पहिल्या समेपासून पूर्ण बाराच्या बारा बार लावा. एकूण अडुसष्ट बार, 168 सेकंद, आणि शेवटच्या समेवर तीच झांज.