करार संपवताना साधं पत्र कधी, वकिलाची नोटीस कधी

मंडळी, या सभागृहात आंब्याची बाग कराराने न दिलेला माणूस शोधावाच लागेल. म्हणून भाडेकरू, होड्या, होमस्टे हे सगळं आज बाजूला ठेवतो आणि बागेचंच बोलतो.

पावसकडची एक कलमांची बाग. मालक मुंबईला. फळं तीन हंगामांसाठी कराराने दिलेली, हप्ते वेळेवर येत होते. करारात नववं कलम असं होतं की, कुणाही पक्षाला 31 मेपूर्वी एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. कारण सांगायची अट नव्हती. दुसरा हंगाम सरत आला तेव्हा मालकाच्या पुतण्याने बाग स्वतः करायचं ठरवलं. चार ओळींचं काम होतं. पण मालकांच्या मनात एक राग साठला होता. आदल्या पावसाळ्यात कंत्राटदाराने मोहोरासाठीचं औषध, कल्टार, बुंध्यांत जास्त ओतलं आणि झाडं थकली, असं त्यांचं म्हणणं. ते तडक मुंबईतल्याच एका वकिलाकडे गेले आणि चार पानी नोटीस निघाली. जादा कल्टार, झाडांची हानी, लाखांची भरपाई, सगळं आलं. नववं कलम मात्र कुठेच नाही! वर एक वाक्य, ‘सदर जमीन आमच्या अशिलाने तुम्हाला कसण्यास दिली होती.’

मागच्या रांगेतले आजोबा आत्ताच डोक्याला हात लावून बसले. बरोबर आहे. 1948 च्या कूळकायद्याचं चौथं कलम आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस मालकाच्या घरचा किंवा मजुरीवरचा गडी नसेल, आणि मालक स्वतः ती कसत नसेल, तर तो कूळ ठरू शकतो. करारात फक्त फळांचा हंगाम दिला होता. नोटिशीने मालकाच्याच नावाने जमीन कसायला दिल्याचं लिहून टाकलं. कंत्राटदाराच्या वकिलाने ते वाक्य उचललं. उत्तर आलं, आरोप अमान्य, आम्ही कूळ आहोत, ताबा सोडणार नाही. या पत्रापत्रीत जुलै उजाडला, कंत्राटदाराने पुढच्या हंगामाचं कल्टार घातलं, आणि त्या खर्चाचीही मागणी उभी राहिली. पुतण्या अजून कोर्टाच्या तारखा करतोय. मला याचा मनापासून राग येतो, कारण हे टाळता येत होतं.

मे महिन्याच्या आत, म्हणजे पावसाळ्यातला खर्च सुरू होण्याआधी, एवढं लिहायचं होतं: ‘आपल्यातील अमुक तारखेच्या कराराच्या कलम 9 नुसार ही एक महिन्याची सूचना देत आहे. करार 30 जूनला संपेल. त्या दिवशी बागेतील तुमचं सामान न्यावं आणि हिशेब पूर्ण करावा.’ खाली सही. कंत्राटदाराच्या चुकीबद्दल एक अक्षर नाही.

करार संपवायला वकिलाचीच नोटीस लागते, असं 1872 चा करार कायदा कुठेही म्हणत नाही. करारात सूचनेची जी रीत लिहिली असेल ती पाळायची. पत्र करारातल्याच पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड टपाल त्यातच विलीन झालंय. प्रत आणि पावती जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जरूर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, आणि मुख्य मुद्दा तर राहिलाच! भरभर सांगतो. करारात बाहेर पडायचं दार आहे, कारण द्यावं लागत नाही, पैशाचं भांडण नाही, तर स्वतः पत्र लिहा. मुदत संपतच आली असेल आणि पुढे करार करायचा नसेल, तरीही पत्रच.

दार नसेल आणि समोरच्याने करार मोडला म्हणूनच तो संपवायचा असेल, तर वकिलाकडे जा. तिथे प्रत्येक आरोप पुढे सिद्ध करावा लागतो. चूक सुधारायला मुदत द्यायची अट करारात असेल तर ती आधी द्यावी लागते. ती चुकली तर करार तुम्हीच मोडलात असं ठरू शकतं. समोरचा ताबा सोडणार नाही, कूळ म्हणेल, अशी शंका असेल, तर पहिलं पत्रसुद्धा वकिलाला दाखवूनच टाका. आणि करार मोडल्याचं कारण देऊन तो संपवलात, की पुढचा हप्ता घेऊ नका. घेतलात तर करार चालूच ठेवलात असा अर्थ निघू शकतो.

हप्त्याचा चेक परत आला असेल तर मात्र घाई हवी. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी गेली पाहिजे, आणि ती मिळाल्यापासून पैसे द्यायला त्याला 15 दिवस मिळतात. ही मागणी तुम्हीही लिहू शकता, पण रक्कम चेकवरचीच मागा. त्यात झाडांची भरपाई मिसळून एकच आकडा टाकलात, तर तक्रार तिथेच लटकते. म्हणून ही नोटीस मी वकिलाकडूनच करून घ्यायला सांगतो. जाताना मूळ करार, बँकेचा मेमो आणि आधीची सगळी पत्रं न्या, आणि वकिलाने केलेला मसुदा सही होण्याआधी स्वतः ओळ न् ओळ वाचा.