आठ लाख शेअर, आणि फक्त एकाच बाजूला ठाऊक असलेली बातमी

२५ मार्च १९९६, मुंबई. हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्ट या म्युच्युअल फंडाकडून ब्रुक बाँड लिप्टनचे आठ लाख शेअर घेतले. भाव ठरला ३५०.३५ रुपये, म्हणजे बाजारभावापेक्षा जवळजवळ दहा टक्के जास्त. विकणाऱ्याला सौदा फायद्याचाच वाटावा.

महिनाही उलटला नाही. १९ एप्रिलला जाहीर झालं, की ब्रुक बाँड लिप्टन हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन होणार. पुढे प्रमाण ठरलं: वीस शेअरना लिव्हरचे नऊ. दोन्ही कंपन्या युनिलिव्हरच्याच. खरेदी करणाऱ्याला विलीनीकरण माहीत होतं, युनिट ट्रस्टला ते अधिकृतपणे कुणी सांगितलं नव्हतं.

१९९८ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने लिव्हरला ‘इनसायडर’, म्हणजे कंपनीची आतली माहिती हाती असलेला, ठरवलं आणि युनिट ट्रस्टला ३ कोटी ४ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शेअरमागे हिशेब होतो ३८ रुपये. हे पैसे ट्रस्टच्या युनिटधारकांचे, म्हणजे लाखो छोट्या बचतदारांचे. समोरच्याला काय माहीत आहे, हे त्यांना कितीही अभ्यास करून कळलं नसतं. म्हणूनच सेबी याला नुसता हुशारीचा सौदा मानत नाही.

पण अपिलात भरपाईचा आदेश टिकला नाही. लिव्हर ‘इनसायडर’ आहे हे मान्य झालं, मात्र विलीनीकरणाच्या बातम्या वर्तमानपत्रांत आधीच येऊन गेल्या होत्या, म्हणून माहिती ‘अप्रकाशित’ नव्हती, असं ठरलं. आमच्या मते हा निकाल चुकीच्या टोकाला गेला. पत्रकाराचा अंदाज आणि संचालक मंडळात बसलेल्या माणसाची खात्री यांची किंमत एक कशी?

२००२ मध्ये सेबीने ही फट बुजवली: माध्यमांतले तर्क म्हणजे प्रकाशन नव्हे. २०१५ च्या नियमांनुसार माहिती सगळ्यांना भेदभावाविना मिळाली, तरच ती जाहीर झाली असं धरतात. कंपनीने शेअर बाजाराच्या वेबसाइटवर टाकलेली सूचना हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

तरी पुरावा अवघडच. कोणाच्या मनात काय होतं, ते कागदावर नसतं. म्हणून कंपनीला नोंदवही ठेवावी लागते: गुपित कोणाला सांगितलं, त्याचा पॅन, तारीख आणि वेळ. ही नोंद संगणकावर असते, मागाहून बदलता येत नाही आणि किमान आठ वर्षं जपावी लागते. चौकशीत या यादीशेजारी सौद्यांच्या वेळा ठेवल्या जातात. कंपनीशी जोडलेल्या माणसाने बातमीआधी सौदा केला असेल, तर गुपित आपल्याकडे नव्हतं हे त्यालाच दाखवावं लागतं.

दंड किमान दहा लाख. कमाल पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल ते. फौजदारी खटल्यात दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास.