पाचव्या खेळाडूसाठी कोणती पाने काढावीत?

श्रोतेहो, नमस्कार. चौघांचा मेंढीकोट तुम्हां सर्वांना येतो, तेव्हा त्याचे नियम सांगत बसत नाही. अडचण येते ती पाचवा माणूस आल्यावर, आणि आमच्याकडे तो 2019 च्या महापुरात आला. सांगलीत आमच्या तळमजल्यात पाणी शिरल्यावर आम्ही चौघे माडीवर बसलो होतो, तिथे शेजारच्या काकूही आल्या आणि दुपारी पत्ते निघाले. पाचांत जोड्या पडत नाहीत, म्हणून प्रत्येकाने स्वतःसाठी खेळायचे ठरले. दहा-दहा पाने वाटून दोन उरली, ती काकूंनी न पाहताच उशीखाली सारली.

माझ्या भावाकडे एक मेंढी आली होती आणि इस्पिकची दश्शी अजून पडली नव्हती. तिला पकडण्यासाठी तो इस्पिकचा एक्का शेवटच्या हातापर्यंत राखून बसला. शेवटचा हात पडला, एक्का पडला, पण दश्शी काही आली नाही. उशी उचलली तर खाली किलवरची चौकी आणि इस्पिकची दश्शी! "काकू, मेंढी उशीखाली कोंडलीत की!" असे म्हणून त्याने कपाळावर हात मारला.

तेव्हा पाने वाटण्याआधी काढावीत आणि सर्वांना दाखवून काढावीत. वाटण्याआधी, दाखवून. दुसऱ्या डावाला आम्ही चौकट आणि किलवरच्या दुर्र्या अशा काढल्या, पण त्या दोन रंगांची बारा-बारा आणि इतरांची तेरा-तेरा पाने राहिली, त्यामुळे हुकूम कोणता यावर त्याचे बळ बदलू लागले. मग आईने चारही रंगांच्या दुर्र्या, तिर्र्या आणि चौक्या काढायला लावल्या. उरली 40 पाने. प्रत्येकाला आठ, प्रत्येक रंगाची दहा. तिघे असतील तर फक्त चार दुर्र्या काढाव्यात. 48 पाने, प्रत्येकी सोळा. उरलेल्या पानांना खेळाडूंच्या संख्येने भाग जावा आणि प्रत्येक रंगातून सारखीच पाने जावीत, एवढे पाहावे. (भडंग खाल्लेल्या हाताने मात्र पत्ते धरू नयेत, कारण तेलाचा डाग पडलेला एक्का पाठीवरूनच ओळखू येतो, आमच्याकडे हे कोणी ऐकत नाही.)

मात्र वाटणी सारखी झाली तरी खेळ तोच राहत नाही. पाचांत एका रंगाची दहाच पाने असल्यामुळे, प्रत्येकाकडे नेमकी दोन-दोन आली असतील तरच तो रंग दोनदा सुखरूप फिरतो. आईने चौकटचा एक्का खेळून हात घेतला आणि लगेच राजा टाकला, तेव्हा काकूंकडे चौकट उरली नव्हती. त्यांनी हुकमाची पंजी लावून राजा कापला. तिघांत उलट घडते. तिथे एका रंगाची सरासरी चार पाने प्रत्येकाकडे येतात, म्हणून राजा बराच वेळ टिकतो. पाचांच्या डावात हाती राजा असेल, तर तो दुसऱ्या फेरीत चालेल असे आई आता धरत नाही.