एकच प्रश्न, पूर्ण उत्तर

समजा, माझ्या मनात तीन बिटांचा एक आकडा आहे: 101. तुम्हाला तो माहीत नाही. तुम्ही मला तीन बिटांचा कुठलाही आकडा द्यायचा. माझ्या आकड्यात ज्या जागी 1 आहे, त्या जागांवरचे तुमचे बिट मी बघणार. त्यांतले 1 सम असतील तर 0 म्हणणार, विषम असतील तर 1. बस, एवढंच सांगणार.

तुम्ही 100 विचारलंत तर पहिला बिट कळतो, 010 ने दुसरा, 001 ने तिसरा. तीन प्रश्न झाले. दोनांत भागेल का? नाही. दोन उत्तरांनी फार तर चार शक्यता वेगळ्या करता येतात आणि आकडे तर आठ आहेत. शंभर बिट असले तर शंभर प्रश्न.

1993 मध्ये इथन बर्नस्टीन आणि उमेश वझिरानी यांनी दाखवलं की क्वांटम संगणकाला एक प्रश्न पुरतो. तीन क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले बिट, हॅडामार्ड गेट नावाच्या क्रियेतून नेले की आठही आकड्यांचं समान सुपरपोझिशन तयार होतं: आठही आकडे सारख्याच प्रमाणात एकत्र असतात आणि प्रत्येकाचं चिन्ह अधिक असतं. उत्तरासाठी चौथा क्यूबिट असतो. त्याला आधी 1 करून मग हॅडामार्ड लावायचा. अशा स्थितीत उत्तर 1 आलं की त्या आकड्याचं चिन्ह उलटतं, 0 आलं तर तसंच राहतं. आता फळ्यावर 000 पासून 111 पर्यंत क्रमाने चिन्हं मांडू:

+ − + − − + − +

इथे थांबून मोजलंत तर हाती काहीच लागत नाही. आठांपैकी कुठलाही एक आकडा येईल, कारण मोजमापाला चिन्ह दिसत नाही. ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम वाचतो’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. खरं काम पुढच्या पायरीत आहे. तिन्ही क्यूबिटांवर पुन्हा हॅडामार्ड लावला की ही चिन्हांची रांग प्रत्येक संभाव्य आकड्याच्या स्वतःच्या रांगेशी, म्हणजे तो आकडा माझ्या मनात असता तर जी रांग मिळाली असती तिच्याशी, ताडली जाते. 100 ची रांग आहे + + + + − − − −. जागोजागी गुणाकार करा: चार अधिक, चार उणे, बेरीज शून्य. 101 ची रांग मात्र हुबेहूब जुळते. आठही अधिक, प्रत्येकाचा वाटा एक अष्टमांश, बेरीज 1. म्हणजे मोजल्यावर 101 च येणार, खात्रीने.

हे जमतं ते मी सम-विषम सांगतो म्हणून. ‘101 आहे का?’ अशा प्रश्नाला मी नुसतं हो-नाही म्हणालो असतो, तर क्वांटमलाही एका प्रश्नात निश्चित उत्तर मिळालं नसतं. आकडे मोठे झाले की तिथे एकूण शक्यतांच्या वर्गमुळाइतके प्रश्न लागतात.

स्वतः करून बघाल तेव्हा एक चूक हमखास होते: चौथा क्यूबिट आधी 1 करायचा राहून जातो. मग चिन्हं उलटतच नाहीत आणि सिम्युलेटर दर वेळी 000 दाखवतो. लपलेला आकडा बदलूनही 000 च येत असेल, तर आधी तो चौथा क्यूबिट तपासा.