गॅस बंद आहे, पण पटत नाही

(वाचनालयाच्या मासिक सभेत एका मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, आज इथे येताना दाराला कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून कोणी कोणी पाहिलं? बरेच हात वर आले. आणि जिन्यावरून परत फिरून, गॅस बंद केला का ते बघून कोण आलं? तेही चारपाच जण आहेत. मग हल्ली जे सर्रास ऐकू येतं, 'मला जरा ओसीडीच आहे', ते यातल्या कुणाला लागू आहे? माझा अंदाज असा की बहुतेक कुणालाच नाही. पण ज्यांना खरोखर लागू आहे त्यांनी कदाचित हात वर केलाच नसेल, कारण त्यांना त्याची लाज वाटते. म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे तपासणं. काटेकोर माणसाचं तपासणं आणि आजारातलं तपासणं बाहेरून सारखं दिसतं, पण आत काय चालू असतं?

ओसीडी म्हणजे नको असलेले विचार मनात परत परत येणं आणि त्यांच्यापायी तीच तीच कृती करावी लागणं. आपल्याकडे या आजाराला 'मंत्रचळ' हा जुना शब्द आहे. जुन्या लोकांना तो मुख्यतः सोवळ्याच्या आणि हात धुण्याच्या वेडापुरता माहीत असतो. प्रत्यक्षात या आजाराची अनेक रूपं आहेत आणि वारंवार तपासणं हे त्यातलं एक अगदी नेहमी दिसणारं रूप.

एका बाईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून दोनतीन रुग्णांचे तपशील मी एकत्र केले आहेत. बाई चाळिशीच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. नवरा आणि मुलगी सकाळी लवकर बाहेर पडायचे, घर शेवटी बंद करायचं ते यांनी. नऊची बस गाठायची, म्हणून आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांचं 'बघणं' सुरू व्हायचं. शेगडीची दोन्ही बटणं बंद आहेत ना? रेग्युलेटरचा खटका फिरवलेला आहे ना? हात लावून बघायच्या, वाकून वास घ्यायच्या. दाराशी जायच्या आणि परत यायच्या. आपण खटका बंद करण्याऐवजी चुकून चालू तर नाही केला? म्हणून तो उघडून पुन्हा बंद करायच्या. मग तोंडाने मोठ्याने म्हणायच्या, 'बंद, बंद, बंद, बंद'. चार वेळा म्हणायचं, मध्ये फोन वाजला की पहिल्यापासून. बसमध्ये बसल्यावर नवऱ्याला फोन, 'मी बंद केला असेल ना हो?' तो म्हणायचा, 'अगं, केला असशील.' 'असशील' म्हटलं की त्या आणखी घाबरायच्या. दोनदा तर त्या निम्म्या वाटेवरून रिक्षाने घरी परतल्या होत्या.

यांच्या मोठ्या जाऊबाई शिस्तीसाठी साऱ्या घरात प्रसिद्ध. डबे उंचीप्रमाणे लावलेले, महिन्याच्या हिशोबात रुपयाची चूक नाही, आणि रात्री रेग्युलेटर बंद केल्याशिवाय त्या झोपत नाहीत. घरातले सगळे म्हणायचे, 'दोघी सारख्याच.' बाईंनाही तसंच वाटत होतं, म्हणून माझ्याकडे यायला त्यांना सहा वर्षं लागली.

दोघी सारख्या नव्हत्या. जाऊबाई रेग्युलेटर बघतात, बंद दिसतो, विषय संपतो. बघणं हे त्यांच्यासाठी प्रश्नाचं उत्तर आहे. बाई बघतात, बंद दिसतो, आणि तरी विषय संपत नाही. डोळ्यांना दिसतंय, पण 'पक्कं' वाटत नाही. त्यांना माहिती हवी नसते, ती मिळालेलीच असते. त्यांना हवी असते खात्रीची भावना, आणि ती येत नाही. कोणी किती वेळा तपासतं, यापेक्षा तपासून झाल्यावर प्रश्न मिटतो का, हे मी आधी विचारतो.

दुसरा फरक असा. जाऊबाईंना आपली शिस्त आपलीशी वाटते, तिचा त्यांना अभिमान आहे. त्रास झालाच तर इतरांना होतो, डबा चुकीच्या जागी ठेवला की बोलणी बसतात. बाईंना मात्र आपलं वागणं परकं वाटायचं. 'मला कळतंय हो, हे वेड्यासारखं आहे, पण सोडवत नाही,' हे वाक्य मी या आजारात असंख्य वेळा ऐकलं आहे. सगळ्यांनाच इतकं स्पष्ट कळतं असं नाही. काहींना आपली भीती खरीच वाटते. शिवाय काटेकोरपणाही हाताबाहेर जाऊ शकतो. यादी परिपूर्ण करण्याच्या नादात कामच पुरं होत नाही, दुसऱ्यावर काहीच सोपवता येत नाही. पण तो स्वभावाचा विकार झाला. नावं इंग्रजीत जवळजवळ सारखी असल्यामुळे गोंधळ होतो, तरी हे दोन वेगळे विकार आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

'पण मनात तसले विचार येतात हाच आजार नाही का?' असं विचारलं जातं. नाही. 1978 साली लंडनमध्ये रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी निरोगी लोकांना विचारलं, की नको असलेले, भलतेसलते विचार तुमच्या मनात येतात का? सुमारे 80 टक्के लोक 'हो' म्हणाले. घर जळेल, कुणाला इजा होईल, असेच विचार. फरक एवढाच की निरोगी माणूस 'काहीतरीच' म्हणून पुढे जातो. बाईंच्या मनात मात्र विचारामागोमाग यायचं, 'आणि तसं झालं तर जबाबदार मीच.' शेवटी घर बंद करणारी मीच ना? सगळे घरात असले की त्यांना फारसा त्रास होत नसे. जबाबदारी एकटीवर आली की आजार उफाळायचा.

आता ज्यासाठी मुख्यतः मी आज आलो, त्याकडे येतो. खात्री होत नाही म्हणून माणूस पुन्हा तपासतो, हे तर उघड आहे. पण पुन्हा तपासल्यामुळेच खात्री जाते, हे लोकांना माहीत नसतं. 2003 साली नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाऊट आणि किंट या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. आजार नसलेल्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवली. ती पेटवायची, बंद करायची, तपासायची. एका गटाने हे 20 वेळा केलं. दुसऱ्या गटाने मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासले. शेवटी दोघांनाही शेगडी तपासायला लावून विचारलं, आत्ता कोणते बर्नर तपासलेत? बरोबर उत्तरं देण्यात दोन्ही गट जवळजवळ सारखेच होते. पण वीसदा शेगडी तपासणाऱ्यांना ती आठवण पुसट वाटत होती आणि स्वतःच्या उत्तराचा भरवसा कमी झाला होता. पुढे कॅनडात खऱ्या शेगडीवर हाच प्रयोग झाला, तेव्हाही भरवसा तसाच ओसरला.

तेच काम परत परत केलं की हाताला सवय होते आणि मन तपशील टिपायचं थांबवतं. आजची पाचवी खेप आणि कालची पाचवी खेप एकमेकींत मिसळतात. आठवण असते, पण तिच्यात जिवंतपणा नसतो, आणि जिवंतपणा नाही म्हणून ती खोटी वाटते. म्हणजे बाईंची स्मरणशक्ती धड होती, तिच्यावरचा विश्वास त्यांच्या तपासण्यानेच झिजवला होता.

हे मला कळायला वेळ लागला. सुरुवातीच्या काळात मीच एका रुग्णाला सुचवलं होतं, की रेग्युलेटरचा मोबाइलवर फोटो काढा आणि शंका आली की तो बघा. चार दिवस बरं वाटलं. महिन्याभराने त्यांच्या फोनमध्ये रेग्युलेटरचे शेकडो फोटो होते आणि नवी शंका निघाली होती, हा फोटो आजचाच कशावरून? मी त्या माणसाच्या हातात तपासण्याचं आणखी एक साधन दिलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उपचार नेमका उलट दिशेने जातो. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये या पद्धतीने केलेले पहिले उपचार प्रसिद्ध केले. शंकेला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. बाईंबरोबर आम्ही आधी एक शिडी लिहून काढली, प्रत्येक पायरीला अस्वस्थतेचे शंभरपैकी गुण दिले. न्हाणीघरातला दिवा न तपासता निघणं, 25. कुलूप एकदाच ओढून निघणं, 45. रेग्युलेटर एकदा बंद करून, हात न लावता, वास न घेता निघणं, 80. बसमधून नवऱ्याला फोन न करणं, 90. खालून सुरुवात केली. आम्ही गॅस चालू ठेवून जा, असं कधीच सांगत नाही. सगळे करतात तसा एकदा बंद करायचा, मग मात्र मागे वळायचं नाही.

रेग्युलेटरच्या पहिल्या दिवशी बाईंनी बसमध्ये बसल्यापासून माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं, 'नऊ वाजता 85. साडेनऊ, 80. दहा, 60. जेवणाच्या सुट्टीत विसरले होते.' आठवडाभर रोज तेच केल्यावर सुरुवातीचा आकडा 50 वर आला. पण इथे एक चोरवाट असते, ती शोधावी लागते. तिसऱ्या आठवड्यात प्रगती थांबली. विचारल्यावर कळलं, की त्या आता हात लावत नव्हत्या, पण बसमध्ये डोळे मिटून सगळं दृश्य मनात परत परत बघत होत्या. हेही तपासणंच. तेही थांबवलं, तेव्हा गाडी पुढे सरकली.

जोडीला औषध होतं, सर्ट्रालिन. नैराश्यासाठीही ते देतात, पण या आजारात मात्रा बऱ्याचदा जास्त लागते आणि परिणाम पारखायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. तीन आठवड्यांत गुण नाही म्हणून औषध सोडणारे बरेच भेटतात.

आता शंका येईल, आपलं तपासणं कोणत्या बाजूचं? निदानाच्या निकषांत एक ढोबळ रेघ आहे, दिवसातला एक तासाहून जास्त वेळ यात जातो, किंवा त्याने खूप मनस्ताप होतो, कामात-घरात अडथळा येतो. दोनदा कुलूप ओढून वेळेवर बस पकडणाऱ्याला कसल्याही उपचाराची गरज नाही. आणि एक इशारा. सत्तरीतले आजोबा अचानक वारंवार तपासू लागले, तर आधी त्यांची स्मृती तपासून घ्या. तिथे गॅस खरोखरच चालू राहिलेला असू शकतो.

घरच्यांबद्दल एक सांगून थांबतो. बाईंचा नवरा चांगला माणूस. रोज फोनवर 'बंद आहे गं' सांगून तोही नकळत तिच्यासाठी तपासतच होता. एकदम बंद केलं असतं तर तिला तो निष्ठूरपणा वाटला असता, म्हणून आम्ही तिघांनी बसून एक वाक्य ठरवलं. तिने विचारलं की त्याने म्हणायचं, 'हे मंत्रचळ विचारतंय, तू नाहीस. मी उत्तर देणार नाही, पण फोनवर आहे.' आणि मग दुसरं काहीतरी बोलायचं. पहिल्या आठवड्यात ती दोनदा रडली. चौथ्या आठवड्यात तिने फोन केला तो संध्याकाळी भाजी कोणती आणू, हे विचारायला.