चौदा सेकंदांची तफावत

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका चादर-टॉवेलच्या कारखान्याने मला बोलावले, तेव्हा तिथे दोन तक्रारी होत्या आणि त्या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे कोणालाच वाटत नव्हते. पहिली तक्रार लातूर, कलबुर्गी, हुबळीकडच्या व्यापाऱ्यांची होती. लॉगिन नीट होते, पण ऑर्डर भरायला गेले की परवानगी नाकारली जाते, आणि थोड्या वेळाने तीच ऑर्डर काहीही न बदलता स्वीकारली जाते. दुसरी तक्रार मालकांची होती आणि ती अधिक गंभीर होती, कारण तिच्यात एका कारकुनाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न गुंतलेला होता. त्याच्याकडे मी नंतर येतो.

कारखान्यात दोन सर्व्हर होते. पहिल्यावर लॉगिन आणि दरपत्रक, दुसऱ्यावर ऑर्डरी. दुसरा सर्व्हर नवा होता, मी जाण्याच्या आठ दिवस आधी बसवलेला. व्यापारी लॉगिन झाला की पहिला सर्व्हर त्याला सही केलेले टोकन देतो, आणि ते टोकन दाखवून व्यापारी दुसऱ्या सर्व्हरकडे ऑर्डर भरतो. टोकनमधला आपल्या कामाचा भाग एवढाच आहे:

```
{"sub": "dealer-218", "nbf": 1700028740, "exp": 1700029640}
```

`nbf` म्हणजे या क्षणाच्या आधी टोकन ग्राह्य धरू नये, आणि `exp` म्हणजे या क्षणापासून पुढे धरू नये. दोन्ही आकडे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद आहेत आणि त्यांच्यातले अंतर ९०० सेकंदांचे, म्हणजे पाव तासाचे आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे आकडे पहिल्या सर्व्हरने आपल्या घड्याळावरून लिहिले आणि दुसरा सर्व्हर ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. सही खरी आहे की नाही, हे गणिताने ठरते. वेळ खरी आहे की नाही, हे मात्र दोन यंत्रांचे घड्याळ एकच आहे या गृहीतकावर ठरते, आणि ते गृहीतक टोकनमध्ये कुठेही लिहिलेले नसते.

दुसऱ्या सर्व्हरचे घड्याळ जवळपास १४ सेकंद मागे होते. पहिल्याने `1700028740` ला टोकन दिले, त्या क्षणी दुसऱ्याच्या लेखी `1700028726` वाजले होते. व्यापाऱ्याची विनंती अर्ध्या सेकंदात पोहोचली आणि दुसऱ्या सर्व्हरने आपल्या परीने अगदी बरोबर उत्तर दिले:

```
ImmatureSignatureError: The token is not yet valid (nbf)
```

त्याच्या दृष्टीने ते टोकन भविष्यकाळातून आलेले होते. व्यापारी स्वस्थ बसला असता तर काही सेकंदांत तेच टोकन चालले असते. पण नकार आला की माणूस पुन्हा लॉगिन करतो. त्याला नवे टोकन मिळते, त्यावर नवा `nbf` असतो, आणि थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून जो जितकी जास्त घाई करी, तितका जास्त वेळ तो बाहेर राही. फोनवर बोलत बोलत संथपणे ऑर्डर भरणाऱ्यांना हा त्रास कधी जाणवलाच नव्हता. ‘कधी होते, कधी होत नाही’ या तक्रारीचा उगम एवढाच होता.

घड्याळ मागे का पडले, हे आता पाहू. सर्व्हर चालू असताना वेळ मोजली जाते ती क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवरून, आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे कंप पावत नाहीत. तापमान बदलले की त्यांचा वेगही किंचित बदलतो. दहा लाखांत २० भाग ही चूक साध्या स्फटिकाला मुळीच अवाजवी नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर ती दिवसाला सुमारे १.७३ सेकंद होते, आणि आठ दिवसांत १३.८. म्हणजे यंत्रात बिघाड काही नव्हता. जे यंत्र कोणाला वेळ विचारत नाही, ते हेच करणार.

मधल्या काळात एक उपाय झाला होता, आणि माझ्या मते त्याच उपायाने खरे कारण पाच-सहा दिवस झाकून ठेवले. नवा सर्व्हर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी टोकनच्या वेळेच्या तपासणीत ५ सेकंदांची सूट घातली. तेव्हा तफावत साडेतीन सेकंदांच्या आत होती, त्यामुळे तक्रारी लगेच थांबल्या. तिसऱ्या दिवशी तफावत पाच सेकंदांच्या पुढे गेली आणि तक्रारी परत सुरू झाल्या. मे २०१५ च्या आरएफसी ७५१९ या टोकनच्या मानकातही अशी थोडी सूट ठेवण्यास मुभा आहे, पण ती ‘सहसा काही मिनिटांहून अधिक नसावी’ असे तिथेच म्हटले आहे. सूट ही स्थिर, लहान तफावत पचवण्यासाठी असते. रोज वाढणाऱ्या तफावतीवर ती लावली, तर आपण फक्त तक्रारीची तारीख पुढे ढकलतो.

शिवाय या तफावतीची एक बाजू अशी असते की तिची तक्रार कोणी करतच नाही. मागे पडलेल्या सर्व्हरला टोकन संपल्याचेही उशिराच कळते. इथे १४ सेकंदांची तफावत आणि ५ सेकंदांची सूट मिळून मुदत संपलेले टोकन १९ सेकंद जास्त चालत होते. पाव तासाच्या टोकनला १९ सेकंद हा फार मोठा काळ नाही, हे खरे. परंतु तफावत तासाभराची असती, तरीही या बाजूने एकही फोन आला नसता. ज्याला आत येऊ दिले जाते, तो तक्रार करीत नाही.

आता मालकांच्या तक्रारीकडे येतो. कारखान्यात दोन्ही सर्व्हरच्या नोंदी एकत्र करून वेळेप्रमाणे लावल्या जात. एका दुपारी चादरींचा दर बदलला गेला. एकत्र केलेल्या यादीत त्या वेळच्या दोन ओळी अशा होत्या:

```
15:10:14  server-2  order accepted    ratecard=41
15:10:20  server-1  ratecard applied  ratecard=41
```

४१ क्रमांकाचे दरपत्रक तीन वाजून दहा मिनिटे वीस सेकंदांनी लागू झाले, आणि त्याच दरपत्रकाची ऑर्डर त्याच्या सहा सेकंद आधी घेतली गेली, असे ही यादी सांगत होती. मालकांनी काढलेला अर्थ असा, की कारकुनाने नंतर हाताने नोंद बदलली असावी. तो कारकून माझ्यासमोर ती छापील यादी घेऊन उभा होता. त्याने त्या दोन ओळींखाली पेनाने रेघा मारल्या होत्या, आणि ‘साहेब, मी हात लावला नाही’ याखेरीज त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते.

पण त्याच्या बाजूचा पुरावा त्या ओळींमध्येच होता. जे दरपत्रक अजून अस्तित्वातच आलेले नाही, त्याचा क्रमांक ऑर्डरीत येऊ शकत नाही. कारणाच्या आधी परिणाम दिसला, की आधी घड्याळावर संशय घ्यावा, माणसावर मागाहून. दुसऱ्या सर्व्हरच्या वेळेत १४ सेकंद मिळवले की ऑर्डर १५:१०:२८ ला येते, म्हणजे दर लागू झाल्यानंतर आठ सेकंदांनी, आणि सगळे जागच्या जागी बसते. आठ दिवसांच्या नोंदी मी अशाच रीतीने तपासल्या. दर बदलण्याच्या प्रत्येक वेळी हीच उलटापालट होती आणि तफावत दिवसागणिक सारख्या प्रमाणात वाढत गेली होती. हाताने केलेली लबाडी इतक्या नेमाने वाढत नाही.

मग या सर्व्हरला वेळ का मिळत नव्हती? वेळ जुळवणारी `chronyd` ही सेवा चालू होती, तिची स्थिती हिरवी दिसत होती, आणि सगळे तिथेच थांबले होते. सेवा चालू असणे वेगळे आणि तिला उत्तर मिळणे वेगळे. `chronyc tracking` ही आज्ञा दिली, तेव्हा हे दिसले:

```
Reference ID    : 00000000 ()
Stratum         : 0
Leap status     : Not synchronised
```

याच उत्तरात घड्याळाच्या फरकाची ओळ शून्य दाखवत होती, हे विशेष फसवे आहे. ते शून्य ‘फरक नाही’ असे सांगत नाही. ‘तुलना करायला समोर कोणी नाही’ असे सांगते. वेळेच्या विनंत्या यूडीपी १२३ या पोर्टवरून जातात. फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त जुन्या सर्व्हरच्या पत्त्याला उघडे होते आणि नव्या सर्व्हरला नवा पत्ता मिळाला होता. कारण सापडले ते एवढेच.

पोर्ट उघडल्यावर जे घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, दुसऱ्या सर्व्हरने आपल्या घड्याळाच्या ६.००० सेकंदाला प्रश्न पाठवला. वेळ देणाऱ्या यंत्राने तो आपल्या २०.०३० ला घेतला आणि २०.०३१ ला उत्तर सोडले. ते परत पोहोचले तेव्हा इथे ६.०६१ झाले होते. जाताना दिसलेला फरक १४.०३०, येताना दिसलेला १३.९७०, दोन्हींची सरासरी बरोबर १४.०००. वाटेतला ३० मिलिसेकंदांचा वेळ एकदा अधिक आणि एकदा उणे होऊन निघून गेला. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या, यंत्रांची घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपी या पद्धतीचा गाभा हाच आहे. त्याची मर्यादाही इथेच दिसते. जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसेल, तर त्या दोहोंतल्या फरकाच्या निम्मी चूक शिल्लक राहते आणि ती या चार आकड्यांवरून ओळखता येत नाही.

फरक कळल्यावर घड्याळ एकदम सरकवायचे की हळूहळू, हा प्रश्न उरतो. तिथल्या मांडणीत `makestep 1.0 3` अशी ओळ होती, म्हणजे पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदाहून मोठा असेल तर घड्याळ एकदम सरकवावे. आमचे घड्याळ मागे होते, म्हणून ते रात्री काम बंद असताना पुढे उडी मारू दिले. नोंदींत १४ सेकंदांची पोकळी राहिली, बाकी काही नाही. घड्याळ पुढे असते, तर मी तसे केले नसते. मागे उडी मारली की तेच सेकंद दोनदा येतात आणि एकाच यंत्रावरच्या नोंदींचा क्रमही बिघडतो. तेव्हा घड्याळ किंचित संथ करून हळूहळू जुळवावे लागते. वेळ जुळवणाऱ्या जुन्या `ntpd` या सेवेच्या दहा लाखांत ५०० या गतीने १४ सेकंद मिटायला पावणेआठ तास लागले असते.

घड्याळ जुळले, तरी दोन यंत्रांत काही मिलिसेकंदांचा फरक राहतोच. म्हणून नोंदींचा क्रम केवळ वेळेवर सोडला नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलेली रीत आम्ही लावली. प्रत्येक सर्व्हर एक अंक ठेवतो, प्रत्येक घटनेला तो एकाने वाढवतो, संदेशाबरोबर पाठवतो, आणि संदेश घेणारा आपला व आलेला यांतला मोठा अंक घेऊन त्यात एक मिळवतो. दर लागू झाला तेव्हा पहिल्याचा अंक १०७ होता आणि दुसऱ्याचा ८८. दरपत्रक पोहोचताच दुसऱ्याचा १०८ झाला आणि त्यापुढच्या ऑर्डरीला १०९ मिळाला. घड्याळ कितीही चुकले, तरी १०९ हा अंक १०७ च्या आधी येऊ शकत नाही.

मात्र ज्या घटनांमध्ये एकही संदेश गेलेला नाही, त्यांच्याबद्दल हे अंक काही सांगत नाहीत. मालकांनी मला शेवटी विचारले, की उद्या ऑर्डरी घेणारा तिसरा सर्व्हर आणला आणि गोदामात उरलेल्या शेवटच्या शंभर डझन चादरी दोन व्यापाऱ्यांनी दोन सर्व्हरवरून एकाच वेळी मागितल्या, तर आधी कोणी मागितल्या हे या अंकांवरून कळेल का? मी ‘नाही’ म्हणालो. तो निर्णय साठ्याच्या एकाच तक्त्यात, एका वेळी एकच ऑर्डर घेऊन व्हावा लागतो, आणि तिथे ज्याची नोंद आधी पडेल, त्याला माल द्यावा लागतो.